चरकाच्या दातेरी चाकांचा हिशेब : तीर्थपुरीहून आलेल्या एका आराखड्यावरून

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी येथील आमच्या एका सभासद बंधूंनी गुऱ्हाळाच्या तयारीसाठी एक जुना तीन लाटांचा चरक घेतला आहे. चरक सध्या एका कारखानदाराकडे दुरुस्तीस सुटा करून ठेवलेला असून, तो पुन्हा कसा जोडावयाचा याचा पेन्सिलीने काढलेला एक कच्चा आराखडा कारखान्याच्या फळीवर टाचलेला होता. सभासदांनी त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून आमच्याकडे पाठविले आणि विचारले की, "मी केलेल्या हिशेबाप्रमाणे लाट मिनिटास पाचच फेरे घेते. हे फार मंद आहे. तेव्हा मोटरीवरील पाच इंची पुली काढून दहा इंची बसवावी काय?" पुली सांगावयास चारच दिवस उरले आहेत, असेही त्यांनी लिहिले होते.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आल्यापासून येथे ऊस वाढला आहे, आणि कारखान्यास घालून उरलेल्या उसाचा गूळ करण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. म्हणून एकट्या सभासदांस पत्राने उत्तर देण्याऐवजी तो आराखडा एकेका जोडीने कसा वाचावा, हे येथे सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरविले. सभासदांच्या हिशेबात गुणाकाराची चूक नाही. चूक एका चाकाच्या ओळखीत आहे, आणि तेवढ्याने सर्व उत्तर दुपटीने फिरले आहे.

पीळ म्हणजे काय

हिशेबास लागण्यापूर्वी एक शब्द ठरवून घेऊ. बैलांच्या चरकास लांब दांडा असतो व बैल त्याचे टोक ओढीत गोल फिरतात. बैलजोडी १२० किलोच्या जोराने ओढीत आहे आणि मध्यापासून दांडा ३ मीटर लांब आहे असे धरले, तर चरकाच्या आसावर १२० गुणिले ३, म्हणजे ३६० किलोग्रॅम-मीटर इतका फिरविण्याचा जोर येतो. यासच आपण 'पीळ' म्हणू. दांडा आखूड केला की तीच जोडी तितकाच जोर करूनही चरक फिरवू शकत नाही, हा अनुभव सर्वांस आहे. ओढ तीच राहते, पण पीळ कमी होतो.

बैल चालीने चालत असता मिनिटास जेमतेम तीन फेरे होतात. म्हणजे पीळ मोठा, पण फेरे थोडे. विजेच्या मोटरीचे उलट आहे. तिचे फेरे पुष्कळ, पण पीळ अगदी थोडा. दातेरी चाकांचे काम एवढेच की, मोटरीचे जादा फेरे मोडून त्यांचा पीळ करून द्यावयाचा. शक्ती त्यांत नवी उत्पन्न होत नाही. जितक्या पटीने फेरे घटतात तितक्याच पटीने पीळ वाढतो, आणि त्यातूनही थोडा घर्षणात जातो.

मोटरीचा पीळ काढण्याची रीत सोपी आहे. अश्वशक्तीस ७१६ ने गुणावे व मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे. सभासदांची मोटर १० अश्वशक्तीची व १४४० फेऱ्यांची आहे. ७,१६० भागिले १,४४० म्हणजे सुमारे ५ किलोग्रॅम-मीटर. बैलजोडीच्या ३६० पुढे हे ५ किती क्षुल्लक! परंतु हीच मोटर त्या पाचाचे सहाशेंवर करून दाखविते, ते कसे ते आता पाहू.

आराखड्यात काय आहे

छायाचित्र बाजूने, तिरपे घेतलेले आहे. तिरप्या छायाचित्रात गोल चाक लांबट दिसते, आणि जवळचे चाक दूरच्यापेक्षा मोठे दिसते. म्हणून अशा छायाचित्रावर पट्टी ठेवून चाकांचे व्यास कधीही मोजू नयेत. त्यावरून घ्यावयाचे ते फक्त लिहिलेले आकडे आणि कोणते चाक कोणास लागले आहे एवढेच. आकडेही जपून वाचावेत. घाईने लिहिलेला ६४ हा ३४ सारखा दिसू शकतो, आणि येथे तो तसा दिसतही होता. तो ६४ च आहे याची खात्री कशी झाली, ते पुढे येईल.

आराखड्यात मोटरीवर ५ इंची पुली व चरकाच्या पहिल्या आसावर ३६ इंची पुली असून दोन्हींवर पट्टा आहे. पहिल्या आसावर १६ दात्यांचे लहान चाक आहे. त्यास लागून ३२ दात्यांचे मधले चाक आणि त्यास लागून ६४ दात्यांचे मोठे चाक आहे. ज्या आसावर हे ६४ चे चाक आहे, त्याच आसाच्या दुसऱ्या टोकास १५ दात्यांचे जाड चाक आहे. ते वरच्या लाटेवरील ७५ दात्यांच्या चाकास फिरविते. वरच्या लाटेच्या दुसऱ्या टोकास सारख्याच दात्यांची तीन चाके असून त्यांच्या योगाने खालच्या दोन लाटा फिरतात.

मधल्या ३२ च्या चाकात एक लहान तुटक वर्तुळ काढलेले आहे, आणि गोंधळ येथेच झाला आहे. सभासदांनी ते त्याच आसावर बसविलेले दुसरे लहान चाक समजून १६ दात्यांचे धरले. म्हणजे त्यांच्या मते १६ ने ३२ ला फिरविले, आणि ३२ च्या बरोबर फिरणाऱ्या लहान १६ ने ६४ ला फिरविले. पहिल्या जोडीत २ पट, दुसरीत ४ पट, आणि शेवटच्या जोडीत ७५ भागिले १५ म्हणजे ५ पट. मिळून ४० पट. पहिला आस मिनिटास २०० फेरे घेतो. त्यास ४० ने भागले की ५ फेरे येतात.

एकेका जोडीचा हिशेब

दोन नियम लक्षात ठेवले की कोणताही आराखडा उलगडतो. पहिला नियम असा की, एकाच आसावर चावीने घट्ट बसविलेल्या चाकांचे फेरे सारखे असतात, आणि त्या आसाचा पीळ एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दुसरा नियम असा की, ज्या दोन चाकांचे दाते एकमेकांत गुंतले आहेत, त्यांच्या दात्यांवरील दाब सारखा असतो व मिनिटास सरकणारे दातेही सारखेच असतात. म्हणून फेरे दात्यांच्या उलट प्रमाणात आणि पीळ दात्यांच्या सरळ प्रमाणात बदलतो.

प्रथम पट्टा. ३६ भागिले ५ म्हणजे ७.२ पट. १४४० फेऱ्यांचे २०० होतात व ५ च्या पिळाचे ३६ होतात. पट्टा थोडा घसरतो. शंभरामागे दोन धरले तर २०० चे १९६ होतील. येथे एक भेद ध्यानात ठेवावा : पट्ट्याची घसर फेरे खाते, आणि दात्यांचे घर्षण पीळ खाते.

आता १६ व ३२ ची जोडी. पहिल्या आसाचे २०० फेरे म्हणजे मिनिटास २०० गुणिले १६, अर्थात ३,२०० दाते सरकतात. तेवढेच दाते ३२ च्या चाकाचे सरकले पाहिजेत, म्हणून त्याचे १०० फेरे होतात. पुढची जोडी ३२ व ६४ ची. जर मधले चाक एकटेच असेल, तर तेच ३,२०० दाते पुढे ६४ ला मिळतात व त्याचे ५० फेरे होतात. मधले चाक ३२ चे असो की २० चे असो, पुढे जाणारे दाते ३,२०० च राहतात. म्हणूनच अशा मधल्या चाकाने पट बदलत नाही. १६ ने थेट ६४ ला फिरविले असते तरी ४ च पट आली असती. मग हे चाक ठेवतात कशास? त्याने फिरण्याची दिशा पालटते, आणि दूर असलेले दोन आस जोडले जातात.

शेवटची जोडी १५ व ७५ ची. ६४ च्या आसाचे ५० फेरे ५ ने भागले की लाटेचे १० फेरे होतात. एकंदर पट ४ गुणिले ५ म्हणजे २०. पट्ट्याची घसर धरली तर लाट पावणेदहा फेरे घेईल. सभासदांच्या उत्तराच्या हे दुप्पट आहे.

पीळही असाच पुढे न्यावा. पहिल्या आसावर ३६ होता. ओतीव उघड्या दात्यांच्या प्रत्येक जोडीत, बेअरिंगे धरून, शंभरामागे पाच जातात असे मानू. १६ व ३२, ३२ व ६४ अशा दोन ठिकाणी ही घट होऊन ६४ च्या आसावर ३६ गुणिले ४ म्हणजे १४४ ऐवजी १३० पीळ मिळतो. शेवटच्या जोडीत त्याचे ५ पट होऊन ६५० आणि घट जाता सुमारे ६१५ किलोग्रॅम-मीटर वरच्या लाटेवर येतो. हल्लीच्या मापात तो सुमारे ६,००० न्यूटन-मीटर होतो. बैलजोडीच्या पिळाहून हा पावणेदोनपट आहे, आणि फेरे तिनाऐवजी दहा. मधल्या चाकाने पट वाढविली नाही, परंतु घर्षणाचा आपला वाटा मात्र घेतला, हेही यावरून दिसून येईल.

लाटांवरील तीन सारख्या चाकांचा हिशेब पुष्कळजण चुकीने पुन्हा गुणाकारात धरतात. ती चाके सारख्या दात्यांची असल्यामुळे तिन्ही लाटांचे फेरे सारखे राहतात, आणि ६१५ चा पीळ वाढत नाही, तो वाटला जातो. साधारणपणे अर्धा वरच्या लाटेकडेच राहतो आणि उरलेला खालच्या दोघींत, चिपाड बाहेर टाकणाऱ्या लाटेकडे अधिक, असा जातो. या चाकांचे दाते मुद्दाम लांब केलेले असतात, कारण ऊस जाड-बारीक येईल तशा लाटा थोड्या दूर-जवळ होतात आणि दाते सुटून चालत नाही.

मधले चाक एकटे आहे हे कसे ओळखावे

सर्व भिस्त या एका प्रश्नावर आहे, म्हणून केवळ आमचे मत सांगून भागणार नाही. आराखड्यातच तीन पुरावे आहेत.

पहिला पुरावा चावीचा. १६ आणि ६४ च्या चाकांच्या भोकास चावीची खाच काढलेली आहे, मधल्यास नाही. जे चाक आपल्या आसास पीळ देत नाही व आसाकडून घेतही नाही, त्यास चावी लागत नाही. ते खुंटीवर मोकळे फिरते. यावरून आतील तुटक वर्तुळ हे चाक नसून, खुंटीवर बसणाऱ्या पितळी बुशाभोवतीचा तुंबा आहे, असे दिसते.

दुसरा पुरावा असा की, त्या तुटक वर्तुळाजवळ दात्यांचा आकडा नाही. बाकीच्या प्रत्येक चाकाजवळ तो आहे. सभासदांनी धरलेला १६ हा पलीकडच्या चाकाचा आकडा होता.

तिसरा पुरावा मापाचा असून तो निर्णायक आहे. पहिल्या तीन चाकांजवळ 'मॉड्यूल ६' असे लिहिले आहे. मॉड्यूल म्हणजे दर दात्यामागे चाकाच्या वर्तुळव्यासाचे मिलिमीटर. तेव्हा १६ चे चाक ९६, ३२ चे १९२ आणि ६४ चे ३८४ मिलिमीटर व्यासाचे ठरते. गुंतलेल्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर दोहोंच्या व्यासांच्या बेरजेच्या निम्मे असते. १६ व ३२ मध्ये ते १४४ आणि ३२ व ६४ मध्ये २८८ होते. तिन्ही मध्य एका सरळ रेषेत काढलेले असल्यामुळे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत ४३२ मिलिमीटर भरले पाहिजेत. सभासदांच्या समजुतीप्रमाणे १४४ आणि, १६ व ६४ चे २४०, मिळून ३८४ भरतील. आराखड्यावर त्या दोन आसांमध्ये ४३२ असे स्पष्ट लिहिले आहे. मोठे चाक ३४ चे असते तर अंतर ३४२ आले असते. तेव्हा तोही संशय याच आकड्याने मिटतो.

कारखान्यात जाऊन पडताळावयाचे असेल तर चाकाचा बाहेरचा व्यास मोजावा व दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागावे. १६ दात्यांच्या चाकाचा बाहेरचा व्यास १०८ भरला, तर १०८ भागिले १८ म्हणजे मॉड्यूल ६ बरोबर आहे. जुने चाक झिजलेले असेल तर थोडे कमी भरेल. दातेही खडूने पहिल्यावर खूण करून मोजावेत. नजरेने मोजलेल्या दात्यांत एकाचा फरक सहज पडतो.

दाब कोठे येतो

पिळास चाकाच्या त्रिज्येने भागले की दात्यावरील दाब मिळतो. १६ च्या चाकाची त्रिज्या ४८ मिलिमीटर व पीळ ३६. म्हणजे दात्यावर ७५० किलो. शेवटच्या १५ च्या चाकावर 'मॉड्यूल १०' लिहिले आहे. त्याची त्रिज्या ७५ मिलिमीटर व पीळ १३०. म्हणजे दात्यावर सुमारे १,७३० किलो. पहिल्याच्या सव्वादोनपट. म्हणून ते चाक जाड व मोठ्या दात्यांचे केले आहे, आणि चरकात दाते मोडले तर बहुधा प्रथम याचेच मोडतात. दुरुस्तीच्या वेळी कोणी येथे हलके चाक सुचविल्यास ते घेऊ नये.

मधल्या चाकाच्या खुंटीची गोष्ट मात्र फसवी आहे. तिच्यात पीळ नाही म्हणून ती बारीक चालेल असे वाटते. परंतु मागील चाक तिच्या एका बाजूस ७५० किलोने लोटते, आणि पुढील चाकाचा उलट दाब दुसऱ्या बाजूस त्याच दिशेने येतो. दोन्ही मिळून दीड हजार किलोंच्या जवळपास भार त्या एका खुंटीवर पडतो. त्या बुशास वंगण कमी पडले तर तो एका बाजूने झिजतो, चाक कलते, आणि दात्यांची चमक रुंदीभर न दिसता एकाच कडेस दिसू लागते. ही खूण दिसताच बुश बदलावा. दाते मोडण्याची वाट पाहू नये.

दहा इंची पुली बसविली असती तर

लाट मुळातच दहा फेरे घेणार आहे. दहा इंची पुलीने पहिल्या आसाचे ४०० व लाटेचे २० फेरे झाले असते. लाटेचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. म्हणजे दहा फेऱ्यांस पृष्ठभाग मिनिटास साडेनऊ मीटर सरकतो, तो १९ मीटर सरकला असता. त्याच वेळी, मोटर तीच असल्याने, पीळ ६१५ वरून निम्मा, सुमारे ३०८ वर आला असता. ऊस पिळावयास लागणारा पीळ मात्र फेरे वाढल्याने कमी होत नाही. लाटांमध्ये तितकाच ऊस भरला की तितकाच पीळ लागतो. परिणामी १० अश्वशक्तीच्या मोटरीवर जवळजवळ २० चे ओझे आले असते. पट्टा घसरून जळाला असता, किंवा पट्टा टिकला तर मोटरीची गुंडाळी तापून जळाली असती. ओझे हलके करावे म्हणून ऊस निम्मा घातला, तर ताशी काम तेवढेच राहिले असते. शिवाय दाबाखाली उसास वेळ कमी मिळून रस चिपाडातच राहिला असता.

सबब आमचे सभासदांस सांगणे असे की, पाच इंची पुलीच कायम ठेवावी. चरक जोडून झाल्यावर, मोटरीचा मुख्य खटका काढून व फ्यूज हाती घेऊन, मोठी पुली हाताने फिरवावी. वरच्या लाटेवर खडूची खूण करावी. पुलीच्या बरोबर वीस फेऱ्यांनी लाटेचा एक फेरा झाला तर आमचा हिशेब खरा. चाळिसांनी झाला तर त्यांचा. या एका प्रयोगाने सर्व वाद मिटतो. तो करताना कोणाचेही बोट दात्यांजवळ असू नये, कारण हाताने फिरविलेल्या पुलीचा जोरही लाटेवर वीसपट होतो. चाकांवरील झाकण बसविल्याशिवाय वीज जोडू नये.

काम सुरू झाल्यावर थोडा वेग वाढवावासा वाटलाच, तर साडेपाच इंची पुलीने लाटेचे ११ फेरे होतील. पण त्यापूर्वी पूर्ण ऊस घातला असता मोटर किती अँपिअर घेते ते पाहावे. मोटरीच्या पाटीवर पूर्ण भाराचा जो आकडा आहे त्याच्या दहावा हिस्सा खाली ती राहत असेल, तरच पुली बदलावी. पाटीच्या आकड्यापर्यंत ती आधीच पोहोचत असेल, तर अधिक उसासाठी मोठा चरक व मोठी मोटर हाच मार्ग आहे.

इतर सभासदांनी कारखानदाराकडून आराखडा घेताना प्रत्येक चाकाचे दाते, मॉड्यूल, आसांमधील अंतरे, आणि कोणते चाक चावीने बसले आहे व कोणते मोकळे आहे, एवढे लिहून घ्यावे. छायाचित्र समोरून काढावे, आणि चाके बाजूने एकामागे एक कशी बसली आहेत ते दाखविणारे दुसरे चित्र जोडावे. तीर्थपुरीच्या आराखड्यास ते दुसरे चित्र असते, तर मधले चाक एकेरी आहे हे पाहताक्षणी कळले असते.